मदत हवी आहे: लिगामेंटच्या ऑपरेशननंतर कुत्री पाय टेकायला लागली, तरी आठ आठवडे पट्ट्यावरच?

सायली_म
आमची लॅब्रॉडॉर पाच वर्षांची आहे, वजन ३४ किलो. मागच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं म्हणून टीपीएलओ ऑपरेशन केलं. आज सोळावा दिवस, टाके निघाले. घरी सोडताना दवाखान्याने जो कागद दिला त्यातला मजकूर तसाच देते:

"पहिले दोन आठवडे फक्त शी-शूसाठी बाहेर, एका वेळी ५ मिनिटं, आखूड पट्ट्यावर. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. पळणं, उड्या, जिने, सोफा, दुसऱ्या कुत्र्यांशी खेळ ८ आठवडे पूर्ण बंद. टाके निघेपर्यंत कॉलर काढू नये. वेदनाशामक जेवणासोबत द्या. उलटी, जुलाब किंवा काळी शी झाल्यास थांबवून फोन करा. आठव्या आठवड्यात एक्स-रे."

सगळं पाळलं. चौथ्या दिवशी घोट्यापाशी मऊ सूज उतरली होती, तीही गेली. आता ती पाय टेकते, शेपूट हलवते, बेल वाजली की उसळी मारते. नवऱ्याचं म्हणणं, इतकी बरी आहे तर अंगणात मोकळी सोडूया, नाहीतर पाय आखडेल. अजून एक गंमत: हळू चालवली की लंगडते, भरभर नेली की लंगडणं दिसतच नाही. मग भरभरच नेऊ का?

बंड्या_०७
ताई, आमच्या कुत्र्याचंही लिगामेंटचंच ऑपरेशन झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात मोकळा सोडला, काही झालं नाही. जनावराला दुखलं की ते आपणहून थांबतं. पाय आखडतो हे मात्र खरं आहे, मांडी सुकते. रोज कोमट तेलाने चोळा. दुखतंय वाटलं तर आपली अर्धी गोळी द्यायची.

रेवा_आजी
माझ्या गुडघ्याचं हेच ऑपरेशन झालं. फिजिओवाल्या मुलीने दुसऱ्याच दिवशी पाय वाकवायला लावला, रडवलं मला! विश्रांती घेतली असती तर आज मांडी घालता आली नसती. तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधताय ना घट्ट?

खूर_पंजा (पशुवैद्य)
सगळ्यात आधी बंड्याभाऊ, ती अर्धी गोळी कुणी देऊ नका. माणसांच्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं. आधीच कुत्र्यांचं वेदनाशामक चालू असेल तर धोका आणखी वाढतो. उरलेलं दुखणं वाटलं तर ऑपरेशन केलेल्यांना फोन करा.

आता मूळ मुद्दा. आजींच्या गुडघ्यात बहुधा नवा लिगामेंट बसवला असेल. टीपीएलओत लिगामेंट जोडतच नाहीत. नडगीच्या हाडाचा वरचा भाग गोल करवतीने कापतात, फिरवून उतार कमी करतात आणि प्लेट-स्क्रूने धरून ठेवतात. उतार कमी झाला की वरचं हाड मागे घसरत नाही, म्हणून तुटलेल्या लिगामेंटवाचूनही गुडघा स्थिर राहतो. म्हणूनच कुत्री दोन आठवड्यांत पाय टेकते. पण हाड अजून कापलेलंच आहे, भार प्लेटवर आहे. ते जुळायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. दुखणं आधी जातं, हाड मागाहून जुळतं. "दुखलं की आपणहून थांबेल" हे म्हणूनच इथे लागू पडत नाही: तिला आता दुखतच नाहीये. अंगणात एक झेप, एक गिरकी, की स्क्रू सैल होतो किंवा नडगीचा पुढचा उंचवटा तडकतो. बंड्याभाऊ, तुमच्याकडे हाड कापलं होतं की बाहेरून जाड धागा बांधला होता?

बंड्या_०७
धागा. प्लेट नव्हती.

खूर_पंजा
मग ते वेगळं ऑपरेशन. तिथे हाड जुळायची वाट नसते, धाग्याभोवती जाड ऊती तयार व्हावी लागते. तेही तीन आठवड्यांत होत नाही, पण तुमचं निभावलं.

सायलीताई, भरभर चालण्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. वेग वाढला की कुत्री तो पाय उचलून तीन पायांवर दुडकते. लंगडणं दिसत नाही, कारण पाय वापरातच नाही. हळू चालवलं की प्रत्येक पावलाला तो टेकावाच लागतो, म्हणून लंगडणं दिसतं. ते दिसणं चांगलं. मांडी भरायची असेल तर तेच औषध: पट्टा आखूड, ती तुमच्या बाजूला, इतकं हळू की चारही पंजे एकेक करून पडताना मोजता यावेत. तिने पाय उचलला की वेग कमी करा. या आठवड्यात एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. चालून आल्यावर किंवा दुसऱ्या सकाळी जास्त लंगडली तर दोन दिवस पुन्हा पाच मिनिटांवर या.

आखडण्याची भीती रास्त आहे. कुशीवर झोपवून एक हात मांडीला, एक घोट्याला धरा आणि गुडघा सावकाश वाकवून सरळ करा, दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. तिने मान वळवून बघितलं की तिथेच थांबा. तेल नको, जखम ताजी आहे. गुडघ्याला पट्टाही नको.

सायली_म
मी तीन पायांवर चालणं "सुधारणा" समजत होते, नवऱ्याला वाचून दाखवलं. आता बेलचं काय करू? आणि बिघडलं तर कळणार कसं?

निखिल_टी
आम्ही बेलच बंद केली आणि घरात पट्टा कायम गळ्यात ठेवला, टोक कुणाच्या तरी हातात. आमच्या डॉक्टरांनी शांत राहायची गोळीही दिली होती, तिच्याशिवाय आठ आठवडे निघाले नसते.

रेवा_आजी
मुक्या जीवाला गुंगीत ठेवायचं? मला नाही पटत.

खूर_पंजा
आजी, माझ्याच दवाखान्यात यावर दोन मतं आहेत. माझा सहकारी जवळपास सगळ्यांना देतो. मी आधी कोंडाळं, म्हणजे वळता येईल पण पळता येणार नाही एवढी जागा, आणि घसरणाऱ्या फरशीवर सतरंजी करून बघतो. ३४ किलोची तरुण लॅब्रॉडॉर असेल तर बहुतेक वेळा शेवटी मीही देतो. वजन वाढवू नका, हालचाल कमी आहे तेवढं जेवणही थोडं कमी.

बिघाड कळायची खूण एकच लक्षात ठेवा: सुधारणा चालू असताना अचानक मागे जाणं. काल टेकत होती, आज पाय वर धरलाय, तर फोन करून दुसऱ्या दिवशी दाखवा. प्लेट हलली असेल किंवा गुडघ्यातली गादी फाटली असेल. गादी फाटली तर कधी चालताना टक् असा आवाज येतो, पण नेहमी येतोच असं नाही. टाक्यांच्या रेषेवर ऊब, लालसरपणा, पाणी दिसलं तर त्याच दिवशी जा. प्लेटला जंतू लागले तर हाड जुळल्यावर ती काढावी लागू शकते. म्हणून टाके निघाले तरी ती चाटत असेल तर कॉलर परत घाला.

सायली_म
कालपासून चाटतेय थोडी. कॉलर घातली. एक्स-रे सहाव्या आठवड्यात करून घेतला तर लवकर सोडता येईल का?

खूर_पंजा
तरुण कुत्रीत सहाव्याला कधी पुरेसं जुळलेलं दिसतं. पण ते तुमच्या सर्जनला विचारा, त्यांनी कापलंय, त्यांनाच फोटोशी ताडून बघता येईल. आणि उजव्या पायावरही लक्ष असू द्या. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी पुष्कळांचं पुढे दुसऱ्याचंही जातं. सुरुवातीची खूण म्हणजे बसताना तो पाय दुमडून न घेता बाजूला पसरणं.

बंड्या_०७
आमचा बसतो तसा. उजवा पाय बाहेर टाकून. पण ती त्याची सवय आहे हो, लोळतच बसतो तो.

खूर_पंजा
धागा बांधलेला पाय कुठला?

बंड्या_०७
डावा.

खूर_पंजा
मग एकदा दाखवून या. सवय असेल तर उत्तमच.