गुगल वनचा एकच प्लॅन घरात सगळ्यांना, पण फोटो ज्याचे त्याला. जमतं का?

विश्रामबाग_वहिनी: आमच्या ह्यांनी २०० जीबीचा प्लॅन घेतलाय आणि म्हणतात घरातल्या पाचही जणांना त्यातच घालू, सासूसासरे, मी, धाकटे दीर. माझं म्हणणं एवढंच की माझे माहेरचे फोटो आणि बँकेची कागदं सासऱ्यांच्या फोनवर दिसायला नकोत. कुणी वापरतंय का असं?

मिरज_जंक्शन: सोप्पंय, एक कॉमन जीमेल काढा आणि सगळ्या फोनवर तेच टाका, खाजगी असेल ते लॉक्ड फोल्डरमध्ये.

कृष्णाकाठचा: @मिरज_जंक्शन अहो नेमकं हेच करायचं नाही! एकच आयडी म्हणजे सगळ्यांचे फोटो एकाच ढिगात, आणि सासऱ्यांनी जागा करायला म्हणून चार डिलीट केले की वहिनींचेही गेले. लॉक्ड फोल्डर फोटोंपुरतं ठीक, ड्राइव्हमधल्या कागदांचं काय?

वहिनी, प्रत्येकाचा जीमेल वेगळाच ठेवा. ज्यांच्या नावावर प्लॅन आहे त्यांनी गुगल वनच्या सेटिंग्जमध्ये फॅमिली शेअरिंग चालू करून बाकीच्यांना इन्व्हाइट पाठवायचं, ते धरून सहा जण बसतात. वाटली जाते ती फक्त जागा, फायली नाहीत. कुणी किती जीबी खाल्ले एवढा आकडा मात्र दिसतो. आधी प्रत्येकाचे फुकटचे १५ जीबी भरतात, मग सामायिक जागेला हात लागतो, म्हणजे तुमचे ६० असतील तर २०० मधले ४५च गेले, आणि सासऱ्यांचे ९ असतील तर त्यांचं शून्य.

आता एक बघा, सासऱ्यांच्या फोनवर गुगल फोटोज उघडून वर उजवीकडच्या गोलावर टॅप करा. तिथं ह्यांचा नाहीतर तुमचा आयडी निघाला तर प्लॅन कसाही घ्या, फोटो दिसणारच. बऱ्याच घरी फोन सेट करून देताना मुलाचाच आयडी टाकलेला असतो. आपले फोटो दुसऱ्याच्या अकाउंटला आपोआप दाखवणारं पार्टनर शेअरिंग चालू नाही ना, तेही बघून घ्या.

तासगाव_द्राक्ष: माझा भाऊ मस्कतला आहे, प्लॅनच्या फॅमिली ग्रुपमध्ये त्याला घेतच नाही, काय करू?

कृष्णाकाठचा: फॅमिली ग्रुपला सगळ्यांच्या अकाउंटचा देश एकच लागतो. आणि कुणाला उगाच आत-बाहेर करू नका, एकदा ग्रुप बदलला की वर्षभर दुसऱ्यात जाता येत नाही.

विश्रामबाग_वहिनी: बघितलं, सासऱ्यांच्या फोनवर ह्यांचाच आयडी निघाला 😅 आज नवीन काढतो. पण दीर क्रिकेटचे व्हिडिओ टाकतात रोज, त्यांना ५० जीबीची लिमिट लावता येते का?

कृष्णाकाठचा: नाही, माणसागणिक लिमिट लावायची सोयच नाही. सगळी जागा संपली तर ज्याचे १५ही भरलेत त्याला मेल येणंसुद्धा थांबतं, व्हॉट्सअपचा बॅकअप पण त्यातच मोजतात.

मिरज_जंक्शन: मग दीराला वेगळा प्लॅन घ्यायला लावा.

विश्रामबाग_वहिनी: ते ह्यांना कोण सांगणार 🙏