'आज'ने संपणारे फ्रेंच शब्द: शेवट पाहायचा की पाठ करायचे?

आदिती
फ्रेंचचं दुसरं वर्ष चालू आहे. शब्दाच्या शेवटी 'आज' ऐकू आलं, म्हणजे लिहिताना ए-जी-ई आलं, की पुल्लिंग, असं वर्गात शिकवलं होतं. त्या भरवशावर पेपरात पुल्लिंगी उपपदं लावून 'ल प्लाज' आणि 'अं इमाज' लिहिलं. समुद्रकिनारा आणि चित्र, दोन्ही स्त्रीलिंगी निघाले, दोन्हीचे मार्क गेले. मग शेवटावरून लिंग ओळखायला शिकवतातच कशाला? नियम सोडून सरळ पाठांतर करू का?

शेखर
पाठच कर. मी पहिल्या महिन्यापासून प्रत्येक शब्द पुल्लिंगी 'ल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' लावूनच वहीत उतरवला. आपल्याला लहानपणी 'खुर्ची'चा शेवट पाहायला कुणी सांगितलं होतं? आई 'ती खुर्ची' म्हणाली, आपणही म्हणालो. नियम पाठ करायचा, वर अपवादांची यादी पाठ करायची, त्यापेक्षा शब्दच पाठ केलेला बरा.

मृणाल
शेखर, 'इमाज'लाच तुमची पद्धत उपयोगी पडत नाही. स्वरापुढे 'ल' आणि 'ला' दोन्ही आखडून नुसता 'ल्' उरतो, म्हणजे 'लिमाज'. त्यातून लिंग कळतच नाही. त्याहून वाईट म्हणजे 'माझं चित्र' हे 'मों इमाज' होतं. शब्द स्त्रीलिंगी, पण स्वर जोडायला 'मा'ऐवजी पुल्लिंगी 'मों' येतं. आदिती, कुठेतरी 'मों इमाज' वाचून तुझा 'अं' पक्का झाला होता का? स्वराने सुरू होणारे शब्द पुल्लिंगी 'अं' किंवा स्त्रीलिंगी 'यून' लावून लिहीत जा. 'यून इमाज', 'अं नेताज' म्हणजे मजला. 'अं'नंतर तो 'न' ऐकू येतो, पण शब्द 'एताज'च.

आता नियमाबद्दल. तो चुकीचा नाही, अर्धा सांगितलेला आहे. पुल्लिंगी असतो तो 'आज' हा प्रत्यय. लॅटिनमध्ये तो 'आतिकुम' होता, घासून घासून 'आज' झाला. तो ज्या शब्दाला चिकटला तो पुल्लिंगी झाला. 'मार्ये' म्हणजे लग्न लावणे, त्यावरून मार्याज. 'नेत्वाये' म्हणजे साफ करणे, त्यावरून नेत्वायाज. 'व्हील' म्हणजे शहर, त्यावरून व्हिलाज. 'पेई' म्हणजे देश, त्यावरून पेइझाज, म्हणजे निसर्गदृश्य. प्लाज, पाज, काज, राज, इमाज यांच्यात प्रत्ययच नाही. पान म्हणजे 'पाज' हे लॅटिन 'पागिना'चं उरलेलं रूप, पिंजरा म्हणजे 'काज' हे 'काव्हेआ'चं, चित्र म्हणजे 'इमाज' हे 'इमागो'चं. मूळ शब्द स्त्रीलिंगी होते, तसेच राहिले. शेवट योगायोगाने एकसारखा झाला.

मराठीतही असंच झालं आहे. घोडा तो, शाळा ती, दोन्हींच्या शेवटी 'आ'. घोड्याचा 'आ' संस्कृत 'घोटक'मधल्या 'अक'पासून आला, शाळेचा 'आ' मुळातच 'शाला'चा. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला 'आ म्हणजे तो' एवढंच सांगितलं, तर तो भाषा, आशा, शाळा या सगळ्यांवर अडखळणार.

निखिल
एवढं लॅटिन कशाला? एका दमात, एकाच उच्चारखंडात म्हणता येणारे 'आज'वाले शब्द स्त्रीलिंगी. प्लाज, पाज, काज, राज, नाज. लांब असले की पुल्लिंगी. मी याच्यावर बी-वन पातळीची परीक्षा पास झालो.

आदिती
निखिलदादा, मग 'इमाज'? आणि आमच्या वर्गातले दोघं 'ल स्ताज'साठी अर्ज करतायत, म्हणजे इंटर्नशिप. तो तर एकच उच्चारखंड आहे आणि पुल्लिंगी आहे.

निखिल
स्ताज राहिलाच. इमाज वेगळा पाठ केला होता. तरी पाचांत पाच बरोबर येतात ना?

मृणाल
येतात, कारण ज्याच्यात 'आज' प्रत्यय आहे त्याला प्रत्ययाआधी काहीतरी मूळ लागतं, म्हणून तो शब्द सहसा लांबच होतो. निखिलने खूण बरोबर पकडली, कारण नाही. म्हणून वय म्हणजे 'आज' आणि तारण म्हणजे 'गाज' हेही त्याच्या हातून सुटतात. दोन्ही छोटे, दोन्ही पुल्लिंगी.

माझी कसोटी अशी: 'आज' कापून टाक. जे उरलं त्यात ओळखीचा फ्रेंच शब्द दिसला, तर बिनधास्त 'ल' लिही. 'गाराज' कापलं की 'गारे' दिसतं, गाडी लावणे. 'प्लाज' कापलं तर 'प्ल' उरतं, त्याला अर्थ नाही. तिथे थांब.

शेखर
'फ्रोमाज' कापा मग. 'फ्रोम' उरतं, फ्रेंचमध्ये असा शब्द नाही. 'व्वायाज' कापून काय उरतं? चीज आणि प्रवास दोन्ही पुल्लिंगी आहेत. कसोटी नापास.

मृणाल
नापास नाही, एकतर्फी आहे. मूळ दिसलं तर पुल्लिंगी नक्की. नाही दिसलं तर काहीच सिद्ध होत नाही. 'फ्रोमाज'मध्ये प्रत्यय आहे, पण मूळ 'फोर्म', म्हणजे साचा, त्याची अक्षरं उलटसुलट झाल्याने लपलं आहे. 'व्वायाज' लॅटिनमधल्या 'वाटेची शिदोरी'वरून आला. हे शिकणाऱ्याला कळणार नाही, मान्य. तरी रोजच्या वापरातले स्त्रीलिंगी सहाच: प्लाज, पाज, काज, राज, नाज, इमाज. तेवढे पाठ करा, बाकी 'आज'ला 'ल' लावा. आणि 'पाज' जपून. 'ला पाज' म्हणजे पान, 'ल पाज' म्हणजे जुन्या दरबारातला पोऱ्या.

वैशाली
माझी मुलगी माँट्रियलला शाळेत शिकवते. तिकडे बाईंना 'ला प्रोफेस्यर' म्हणतात आणि लिहिताना शेवटी जास्तीचा 'ई' लावतात. फ्रान्समध्ये मात्र बाईंनाही बरीच वर्षं 'ल'च लावत. मग शेवटावरून लिंग कसं ठरवायचं?

मृणाल
वैशालीताई, आदितीचा प्रश्न निर्जीव वस्तूंचा आहे. माणसांची गोष्ट वेगळी, तिथे लिंग त्या व्यक्तीवरून ठरवावं असा आग्रह वाढला. फ्रेंच अकादमीने व्यवसायांची स्त्रीलिंगी रूपं २०१९ मध्ये मान्य केली, माँट्रियलचा क्वेबेक प्रांत त्याच्या कितीतरी आधी पुढे गेला होता.

शेखर
'आज'चं मान्य केलं समजा. मग 'ते'चं काय? लिबर्ते, सोसिएते, बोते सगळ्या स्त्रीलिंगी. पण कोते, त्रेते, कोमिते पुल्लिंगी. इथेही प्रत्यय आहे-नाही म्हणणार?

मृणाल
हो. लिबर्ते, बोते हे गुण किंवा अवस्था आहेत, स्वातंत्र्य, सौंदर्य. तिथे 'ते' प्रत्यय आहे, आपल्या 'ता'सारखा, आणि सुंदरताही स्त्रीलिंगीच. 'कोते' म्हणजे बाजू, 'त्रेते' म्हणजे करार, त्यात तो नाही. 'कोमिते' इंग्रजीतून आला.

शेखर
आणि 'एते'? उन्हाळा. लॅटिनमध्ये 'एस्तास' स्त्रीलिंगी, फ्रेंचमध्ये 'एते' पुल्लिंगी. तुमच्याच हिशेबाने स्त्रीलिंगी राहायला हवा होता.

मृणाल
हा घाव बरोबर बसला. बाकीचे तिन्ही ऋतू पुल्लिंगी, त्यांच्या ओढीने गेला असावा, पण ते कारण मी ठामपणे सांगणार नाही. उलट 'कोंते', म्हणजे काउंटचा मुलूख, आज पुल्लिंगी असला तरी जुन्या फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगीही होता. फ्रांश-कोंते या प्रांताच्या नावातलं 'फ्रांश' हे स्त्रीलिंगी रूप त्याचीच खूण.

शेखर
म्हणजे शब्द कूस बदलतात. म्हणून मी पाठांतरावर ठाम आहे.

मृणाल
पाठांतराला माझा विरोध नाही, फक्त त्यावर थांबायला आहे. भाषा-शिक्षणाचे संशोधक रॉय लिस्टर यांनी २००६ मध्ये सुमारे दहा हजार फ्रेंच नामं तपासली, त्यातल्या साधारण ८० टक्क्यांचं लिंग शेवटावरून सांगता येतं असं निघालं. न पाहिलेला शब्द समोर आला की तुमची वही काय करणार?

आदिती
'मों इमाज' मी खरंच वाचलं होतं, जाहिरातीत. सहा शब्द भिंतीवर लावले. कालच्या धड्यात 'नुआज' आला, ढग. कापला तर 'नु' उरलं, मी थांबले. आता कळलं की 'न्यू' म्हणजे जुना ढगच, म्हणून 'ल नुआज'. पण 'मुझे' आणि 'लिसे' शेवटी दोन ई असूनही पुल्लिंगी का, आणि 'जुर्ने' स्त्रीलिंगी का?

शेखर
त्याचंही उत्तर मृणालताईंकडे असेल. तोपर्यंत 'ल मुझे' वहीत लिहून ठेव.