चर्चा: पॅकहाऊस 10 टनांचं ठेवावं की 80 टनांचं करावं?

निफाडचा_धाकटा: आमचं निफाड तालुक्यात द्राक्षाचं छोटं पॅकहाऊस आहे. हंगामात रोज 10 टन माल निघतो. दादा म्हणतो, 80 टनांचं करू, जेवढं मोठं तेवढं किलोमागे स्वस्त. मी एम.ए.ला शिकलो ते वेगळं: धंद्याचा आकार वाढवत गेलं की दीर्घकालीन सरासरी खर्चाचा वक्र आधी उतरतो आणि मग चढतो. घरात रोज वाद होतो. आमच्या धंद्यात हा वक्र खरंच चढतो का? आणि कुठे?

अंबड_तिसरी_पाळी: चढतो म्हणजे काय, मी भोगलंय! माझं अंबडला जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. ऑर्डर वाढल्या म्हणून त्याच चार मशीनवर तिसरी पाळी लावली. रिजेक्शन वाढलं, ओव्हरटाइम वाढला, टूल जास्त तुटायला लागले आणि नगामागचा खर्च वर गेला. तुझं पुस्तक बरोबर आहे, दादाला सांग गप्प बस.

बशीवाला: अंबडकर, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो या वक्राचा पुरावा होत नाही. मशीन चारच राहिल्या आणि माणसं वाढली, ही अल्पकाळाची गोष्ट झाली. दीर्घकाळाच्या वक्रावर तुम्ही शेड, मशीन, मुकादम सगळंच नव्याने ठरवायला मोकळे असता. प्रश्न असा आहे की सगळं वाढवूनही किलोमागचा खर्च चढेल का.

पॅकहाऊसपुरतं मांडतो. आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, धाकट्याने आपले घालावेत. खर्चाचे तीन भाग करा.

पहिला भाग शेड, प्रीकूलिंग, कोल्ड रूम आणि त्यांचं व्याज-घसारा. खोलीची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर आतली जागा आठपट होते, पण भिंतींचं पफ पॅनल चारपटच लागतं. उष्णताही भिंतीतूनच आत येते. कारखाने उभारणारे लोक ढोबळ नियम वापरतात की क्षमता दुप्पट केली की भांडवली खर्च साधारण दीडपटच होतो; हिशोबात 1.516 पट धरलाय. 10 टनांना हा भार किलोमागे 5 रुपये धरला, तर 20 टनांना 3.79, 40 ला 2.87, 80 ला 2.18 आणि 160 ला 1.65 येतो.

दुसरा भाग म्हणजे माल गोळा करणं. पॅकहाऊसभोवती बागा सारख्या पसरल्यात असं धरा. चौपट माल हवा तर चौपट क्षेत्र लागतं, म्हणजे सरासरी अंतर दुप्पट होतं. 10 टनांना पिकअपचा खर्च किलोमागे 80 पैसे असेल, तर पुढे 1.13, 1.60, 2.26 आणि 160 टनांना 3.20 होतो.

तिसरा भाग मजुरीचा. घड कात्रीने साफ करणं, मणी काढणं, पनेट भरणं हे हातानेच होतं. बाई 10 टनांच्या शेडात बसो की 80 टनांच्या, तिची कात्री तेवढीच चालते. हा किलोमागे 6 रुपये धरा, सगळीकडे सारखाच.

बेरीज करा: 11.80, 10.92, 10.47, 10.44, 10.85. वक्र उतरतो आणि चढतोही, पण तळ बघा. 40 आणि 80 टनांत फरक 3 पैशांचा. पुस्तकात दिसतो तो खोल खड्डा इथे नाही, ही बशी आहे. दादाचं निम्मं बरोबर आहे: 10 वरून 40 ला जाण्यात सव्वा रुपयाहून जास्त वाचतो. 40 वरून 80 ला जायचं असेल तर दुसरं कारण शोधावं लागेल.

मोहाडी_मार्गे: तुमची बशी उजवीकडे चढते ती फक्त पिकअपच्या भाड्यामुळे. मग दुसरं 80 टनांचं पॅकहाऊस दिंडोरीकडे टाका की! कंपनी एक, शेड दोन. अंतर वाढतच नाही. मोहाडीत सह्याद्री फार्म्स एवढी मोठी झाली, ती काय महाग पडते म्हणून?

बशीवाला: मुद्दा पक्का आहे. वाहतुकीमुळे एका *शेडचा* वक्र चढतो. *कंपनीचा* चढायचा असेल तर कारण देखरेखीत शोधावं लागतं. मालकाची नजर चार टेबलांवर पुरते. चाळीस टेबलं झाली की मुकादमावर सुपरवायझर येतो आणि त्याच्यावर मॅनेजर. पण हे नेमकं कुठे सुरू होतं यावर अर्थतज्ज्ञांचंही एकमत नाही. बऱ्याच उद्योगांत मोजणी केली तेव्हा वक्र उतरून सपाट झालेला दिसला, चढलेला स्पष्ट दिसला नाही. त्यामुळे तुमचं म्हणणं मी खोडत नाही.

तोडणी_टोळी: देखरेखीचं मी सांगते, मी पॅकहाऊसवर सुपरवायझर होते. रोज टेबलागणिक रिजेक्ट लिहून ठेवा. शेड वाढवल्यावर जुन्या टेबलांचं रिजेक्ट तेवढंच आणि नव्यांचं जास्त असेल, तर ते शिकाऊपण आहे, महिन्याभरात जातं. सगळ्याच टेबलांचं वाढलं तर नजर पुरत नाही म्हणून समजा. आणि लांबचा माल उन्हात क्रेटमध्ये तासन्‌तास बसतो, देठ वाळतो. तो तोटा भाड्याच्या पावतीत येत नाही. तुमची 80 पैशांची ओळ जास्त चढी हवी.

बशीवाला: मान्य. मग तळ 80 कडून 40 कडे सरकेल.

पिंपळगाव_बाग: हे सगळं ठीक, पण मजुरी का वाढली ते कोणीच बोलत नाही. पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या हंगामात सगळ्यांनाच हव्या. भाव दुप्पट झाला. हाच तो मोठेपणाचा तोटा ना?

बशीवाला: तोटा आहे, पण धाकट्याच्या मोठेपणाचा नाही. त्याने 10 टनच ठेवले तरी तोच भाव द्यावा लागेल. अख्ख्या जिल्ह्याने लागवड वाढवल्यामुळे त्याचा पूर्ण वक्रच वर उचलला जातो, आकार तोच राहतो. उलटही घडतं: एवढे बागाईतदार एकत्र आहेत म्हणून पनेट, खोकी, कॉम्प्रेसरचा मिस्त्री हाकेच्या अंतरावर मिळतात.

अंबड_तिसरी_पाळी: म्हणजे माझी तिसरी पाळी चुकलीच म्हणायची?

बशीवाला: तुमच्यासाठी एक किस्सा आहे. 1931 मध्ये जेकब वायनर नावाच्या अर्थतज्ज्ञाने ही आकृती काढायला वाँग नावाच्या आरेखकाला सांगितलं: दीर्घकाळाची रेघ प्रत्येक लहान वक्राच्या, म्हणजे एकेका आकाराच्या शेडच्या वक्राच्या, तळातून न्या, पण ती कुठेही त्या वक्रांच्या वर जाऊ देऊ नका. वाँग म्हणाला, असं काढताच येत नाही. वाँग बरोबर होता. वक्र उतरत असतो तिथे दीर्घकाळाची रेघ लहान वक्राला त्याच्या तळाच्या अलीकडे, उतारावर स्पर्श करते. व्यवहारात अर्थ असा की, तळ गाठेपर्यंत लहान शेड चेपून चालवण्यापेक्षा थोडी मोठी शेड जरा मोकळी चालवलेली स्वस्त पडते. तुम्हाला पाचवी मशीन घ्यायला हवी होती. कर्ज मिळालं असतं का, ते मात्र मला माहीत नाही.

अंबड_तिसरी_पाळी: नसतंच मिळालं.

निफाडचा_धाकटा: दादाला 40 दाखवले. तो म्हणतो 80 बांध, आज नाही तर उद्या भरेल.

बशीवाला: "थोडी मोकळी" म्हणालो, अर्धी रिकामी नाही. 80 टनांची बांधली आणि 30 टनच आले, तर शेडचा भार 2.18 राहत नाही, 5.81 होतो. म्हणजे आजच्या 10 टनांच्या शेडपेक्षाही जास्त. वक्र बांधायच्या आधीच्या दिवसाचा असतो. पाया भरला की तुम्ही त्या एका शेडच्या वक्रावर अडकता, आणि तुमचा हंगाम तर जेमतेम तीन-चार महिन्यांचा. आसपासच्या गावांतून रोज किती टन पक्का मिळेल?

निफाडचा_धाकटा: तोंडी 50. लिहून दिलेला 22.

तोडणी_टोळी: आणि त्या 22 मधला अवकाळीनंतर किती उरतो, तेही विचार दादाला.