अनुभव धागा: शिकणाऱ्या मुलांची पहिली गिटार

गोदाकाठ
लेक १३ वर्षांची, उंची ४ फूट ११ इंच, चण बारीक. क्लासचे सर म्हणाले, "आता स्वतःची गिटार घ्या, अकूस्टिकच घ्या." बजेट बॅगेसकट ९ हजार. इथे नाशिकला दोन दुकानं हिंडून आलो. दोन्हीकडे आधी मोठ्या अंगाचीच गिटार पुढे केली, का तर मुलगी वाढत्या वयाची आहे, लहान गिटार पुढे पुरणार नाही. पण ती मांडीवर घेतली की तिचा उजवा खांदा पार कानापाशी जातो. वर सर सांगतात, "ॲक्शन बघून घ्या." ती नेमकी बघायची कशी? ज्यांनी मुलांना गिटार घेऊन दिली आहे किंवा जे शिकवतात, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत ही विनंती.

पेणकर
आमच्या चिरंजीवांना आत्यानं वाढदिवसाला ऑनलाइन मागवून दिली होती, चार हजारांच्या आतली. दिसायला फार देखणी. पण महिन्याभरात पोरगं म्हणायला लागलं, "बोटं दुखतात, मला नाही जमणार." आम्हाला वाटलं, आळस करतोय. मग शेजारचा एक वाजवणारा मुलगा घरी आला. त्यानं नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे फ्रेटपैकी, मधल्या फ्रेटवर तार दाबून बघितली आणि म्हणाला, "काका, ही मलासुद्धा दाबवत नाही." तारा इतक्या उंच होत्या. नेकच्या आत बसवतात ती लोखंडी सळई, ट्रस रॉड, तोही नव्हता, त्यामुळे वाकलेली नेक सरळ करायची सोयच नाही. ती आता भिंतीवर टांगली आहे.

सहा तारा
ताई, मी बरीच वर्षं शिकवतो आणि गिटारींची दुरुस्तीही करतो. आधी अंगाचं सांगतो. दुकानात ३८ इंची, ४१ इंची म्हणतात ती गिटारीची एकूण लांबी, डोक्यापासून बुडापर्यंत. त्यावरून गिटार मुलीच्या अंगाला बसेल की नाही ते कळत नाही. बघायचं ते पोट आणि कंबर. ड्रेडनॉट म्हणजे दुकानदारानं दाखवली ती मोठी. तिचं पोट खालच्या बाजूला १६ इंचांच्या जवळपास रुंद, खोलीला चांगलं जाड, आणि कंबर जवळजवळ नाहीच. त्यामुळे ती मांडीवर उंच बसते, तिच्यावरून हात टाकायचा तर खांदा उचलावा लागतो. कॉन्सर्ट आकाराची गिटार थोडी अरुंद आणि पातळ असते, कंबरेत खोल असते, म्हणून मांडीवर खाली बसते. खांदा सैल राहिला, कोपर पुढच्या कडेवर सहज टेकलं आणि मनगट न मोडता हात तारांवर आला, तर गिटार बसली. यामाहाची एफ मालिका मोठ्या अंगाची, एफएस मालिका लहान अंगाची. दोन्ही लागोपाठ मांडीवर घेऊन बघा, फरक मुलगी स्वतःच सांगेल. 'पुढे लहान पडेल' हे काही मला पटत नाही. कॉन्सर्ट गिटार मोठी माणसंही जन्मभर वाजवतात.

आता ॲक्शन, म्हणजे तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर बघायचं. पट्टी लागत नाही, घरातली जुनी एटीएम कार्डं न्या. एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं, उठावाचे आकडे नसलेली सपाट कार्डं घ्या. सगळ्यात जाड तारेखाली तीन कार्डं तार न उचलता सरकली, म्हणजे सव्वादोन-अडीच मिलिमीटर, ते उत्तम. चार सहज जाऊन वर फट दिसली तर नवशिक्या हाताला ती जड. बारीक तारेखाली दोन-अडीच कार्डांपेक्षा जास्त नको.

सारंगा
माझं मत वेगळं आहे. सरळ नायलॉनच्या तारांची क्लासिकल घ्या. माझी मुलगी त्यावरच शिकली, बोटं कधी सोलली नाहीत.

सहा तारा
सारंगाताई, बोटांचं तुमचं खरं आहे, नायलॉन मऊच. पण त्या गिटारीची नेक वर साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते, स्टीलच्या तारांची ४३ च्या आसपास. एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायच्या ती एफची बार कॉर्ड लहान पंजाला तिथे लांब पडते. हिचे सर स्टीलवर गाणी शिकवणार असतील तर तीच घ्यावी. तारा मात्र जाडीनं १२ नंबरच्या असतील तर १० किंवा ११ च्या बसवून घ्या, ताण लगेच कमी होतो. आणि क्लासिकलवर स्टीलच्या तारा कोणी कधीही चढवू नयेत, तारा धरून ठेवणारा पोटावरचा ब्रिज उखडतो.

एकतारी
माझं वय ५८, सांधे धरतात. मला कोणती गिटार चालेल?

मळेवाडी
एकतारी, वेगळा धागा काढा ना, तिथे नक्की लिहितो. गोदाकाठ, आमच्या मुलाला तीन-चतुर्थांश आकाराची घेतली होती, तुमच्या लेकीएवढाच होता. दीड वर्षात हात लांब झाले आणि परत खर्च. पण त्या दीड वर्षात तो रोज वाजवायला बसला, हेही तितकंच खरं. त्यामुळे चूक की बरोबर, मला अजून ठरवता येत नाही.

गोदाकाठ
आज कार्डं घेऊन गेले! एफएस मांडीवर घेतल्या घेतल्या लेक म्हणाली, "आई, हीच." खांदा खाली आला. मात्र जाड तारेखाली चार कार्डं गेली, वर थोडी फट राहिली. दुकानदार म्हणाले, "वापरून सैल होईल."

सहा तारा
वापरून ॲक्शन उतरत नाही. म्हणजे ३.३ मिलिमीटर धरू. आपल्याला २.५ हवं, म्हणजे ०.८ उतरवायचं. तार ब्रिजमध्ये बसवलेल्या छोट्या पट्टीवर, म्हणजे सॅडलवर टेकते आणि बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून सॅडल दुप्पट, १.६ मिलिमीटर खाली न्यावा लागतो. तो काढून बुडाकडून घासायचा, वरची गोलाई तशीच ठेवायची. त्याआधी दोन गोष्टी बघा. सॅडल ब्रिजच्या वर ४ मिलिमीटर दिसतोय का? असेल तर घासून २.४ उरेल, चालेल. आधीच २ च असेल तर ती गिटार सोडा, दुसरी मागा. दुसरं, जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबून धरा. सातव्यापाशी व्हिजिटिंग कार्डाएवढी बारीक फट हवी. जास्त असेल तर नेक वाकली आहे, आधी ट्रस रॉड पाव वळसा आवळायचा आणि मग ॲक्शन पुन्हा मोजायची. हे काम दुकानातच करून मागा, गिटार घेण्याआधी.

रत्नागिरीकर
सहा तारा, एक शंका. आमच्याकडे पावसाळ्यात गिटारीची वरची फळी ओल धरून फुगते, ब्रिजमागे हात फिरवला तर कळतं. जुलैत तारा उंच, मार्चमध्ये त्याच खाली. नाशिकला आत्ता सॅडल घासला आणि उन्हाळ्यात फळी सुकली, तर तारा फ्रेटवर घासून खरखरणार नाहीत का?

हडसनकाठ
आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी पडते, मुलाची गिटार जानेवारीत अशीच खरखरायला लागते. केसमध्ये ओलसर स्पंजची डबी ठेवतो, थोडा फरक पडतो.

सहा तारा
रत्नागिरीकर, रास्त शंका. म्हणून पावसाळ्यात मी २.५ पर्यंत जात नाही, २.८ वर थांबतो. माझ्या ओळखीचे दुसरे एक कारागीर नवीन सॅडल बसवून एकदम खाली नेतात आणि मुलांसाठी जुना उंच सॅडल बॅगेत देतात, उन्हाळ्यात बदलायला. त्यांचीही गिऱ्हाइकं खूश आहेत.

गोदाकाठ
मग मी नवीन सॅडल करून घेऊन मूळचा जपून ठेवू का? दुकानदार उद्या दुपारपर्यंत थांबायला तयार आहेत.