खात्यात 5000, त्यातले 3000 रोख परत: सीए आर्टिकलने तक्रार करायची की नाही?

आर्टिकल_पुणे: सीए फर्ममध्ये आर्टिकलशिपचं, म्हणजे प्रशिक्षणाचं, दुसरं वर्ष आहे. खात्यात 5000 जमा होतात, दोन दिवसांत 3000 काढून सरांना रोख द्यायचे. सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ, शनिवारीही. आम्ही नोकर नाही, मग तक्रार करायचा हक्क तरी आहे का?

प्रॅक्टिसवाला: असल्या पोस्टचा खरंच वैताग येतो. टॅक्स ऑडिटच्या सप्टेंबरमध्ये सात वाजता कोण घरी जातं? लहान फर्मची फी वाढत नाही. मुलं मात्र क्लासला आणि परीक्षेच्या रजेला हक्काने जातात. काम शिकवायला सीनियरचे तास जातात, ते कोण मोजतं?

सातारकर: सरळ लेबर ऑफिसला जा. किमान वेतनापेक्षा कमी देताच येत नाही.

लेजर: सातारकर, चीड योग्य, पत्ता चुकला. आर्टिकलचा स्टायपेंड किमान वेतनाच्या तक्त्यावर नाही, सीए संस्थेच्या रेग्युलेशन 48 वर ठरतो. 2020 मध्ये वाढलेल्या दरांनुसार 20 लाखांवरच्या शहरात दुसऱ्या वर्षाला किमान 5000. म्हणून तर खात्यात बरोबर तेवढेच पडतात. रोख परत घेतल्यावर हातात उरतात 2000. प्रॅक्टिसवाले, रजेचा यात काय संबंध? तुमची फर्म पुस्तकात 5000 खर्च दाखवणार आणि 3000 खिशात घालणार. हेच क्लायंटच्या पुस्तकात सापडलं तर काय शेरा माराल?

मेडिकलची_आई: आमच्या मुलीच्या खासगी कॉलेजातही इंटर्नना असंच करतात. तिथेही हाच नियम लागेल का?

लेजर: नाही ताई, ते मेडिकल कमिशनकडे जातं, इथे मिसळू नका. मूळ प्रश्नावर येतो. अडचण हक्काची नाही, पुराव्याची आहे. रोखीला माग नसतो आणि कागदावर सगळं नियमात दिसतं. पुढच्या वेळी पैसे द्यायच्या आधी मेसेज टाका: "सर, नेहमीप्रमाणे 3000 आज आणू का?" उत्तरात "हो" आलं आणि त्याच तारखेला खात्यातून 3000 निघाले, की दोन्ही जुळतात. असे तीन महिने जमवा. तासांची रोज नोंद ठेवा, पण क्लायंटचं नाव किंवा फाइल त्यात आणू नका, नाहीतर गोपनीयतेवरून तुम्हीच अडकाल. मग सीएंची संस्था आयसीएआय, तिच्या ई-सहायता पोर्टलवर लिहा. फॉर्म आय भरून शिस्तभंगाची तक्रारही करता येते, पण ती लांबते.

प्रॅक्टिसवाला: रोख परत घेणं चूक आहे, मान्य. ते मी करत नाही, करणाऱ्याची बाजूही घेणार नाही. पण नियमातले आठवड्याला 35 तास धरून बसलात तर ऑडिट शिकणार कधी?

लेजर: जेवणाची सुट्टी वगळून रोज अकरा, म्हणजे आठवड्याला 66 होतात. 35 आणि 66 मध्ये शिकण्याला भरपूर जागा आहे.

आर्टिकल_पुणे: पण शेवटी आर्टिकलशिप पूर्ण झाल्याच्या फॉर्म 108 वर सही सरांचीच लागते ना? आणि बदली मागितली तर 109 वरही?

लेजर: हो, खरी भीती तीच. पहिल्या वर्षानंतर बदलीला ठोस कारण दाखवावं लागतं. म्हणून तक्रारीत पैशांसोबत बदलीचीही मागणी लिहा. सही अडवली तर तेही लगेच लेखी कळवा.

प्रॅक्टिसवाला: आणि तोवर बसायचं त्याच टेबलावर. हे सांगायला सोपं आहे.