“इनबॉक्समध्ये या” म्हटलं की लोक म्हणतात तोंड बंद करतायत. मग करायचं काय?

रावेरची रोपवाटिका
रामराम मंडळी. आमची टिश्यू कल्चर केळीची रोपवाटिका आहे. परवा रात्री आमच्या फेसबुक पानावर एका शेतकऱ्याने लिहिलं, “१८०० रोपं नेली, २०० पिवळी पडली, दोन दिवस फोन उचलत नाहीत, फसवणूक आहे.” मी खाली लिहिलं, “कृपया इनबॉक्समध्ये संपर्क करा.” त्यावर वीस-पंचवीस जण तुटून पडले, की इनबॉक्समध्ये नेऊन मिटवून टाकतात. पण बिल, मोबाइल नंबर, शेताचा पत्ता मी सगळ्यांसमोर कसा मागू? काय लिहायला हवं होतं?

धुळ्याचा दुकानदार
भाऊ, माझं पंप-मोटारीचं दुकान आहे. माझा अनुभव सांगतो. अशी कमेंट दिसली की Hide comment दाबायचं. डिलीट केली तर माणूस भडकतो. लपवली तर त्याला त्याची कमेंट दिसत राहते, म्हणून तो शांत असतो, आणि बाकीच्यांना ती दिसत नाही. मग निवांत फोन करून मिटवायचं. चार वर्षं मी हेच करतोय.

जळगावची तक्रारवाली ताई
दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. लपवलेली कमेंट त्याला दिसते, पण त्याच्या मित्रांनाही दिसते. आणि त्याचे मित्र म्हणजे कोण? त्याच्याच गावातले, त्याच्याच शिवारातले केळीवाले. ज्यांच्यापासून लपवायचं तेच नेमके बघत राहतात, आणि खाली तुमचं उत्तर नाही एवढंच त्यांना दिसतं. त्यात एखाद्याने दुसऱ्या खात्यावरून उघडून बघितलं आणि कमेंट दिसली नाही, की लपवाछपवीचा आरोप वेगळा. शिवीगाळ असेल किंवा कुणी दुसऱ्याचा नंबर टाकला असेल तर जरूर लपवा. खऱ्या तक्रारीला हा उपाय नाही.

मी नऊ वर्षं एका पाइप आणि ठिबकच्या वितरकाकडे तक्रारी सांभाळते. रावेरच्या भाऊंच्या उत्तरात माझ्या मते तीन गोष्टी राहिल्या. त्याचं दुखणं काय ते तुम्ही परत उच्चारलं नाही. आत का बोलवताय ते सांगितलं नाही. आणि चालण्याचं काम त्याच्यावर टाकलंत. ज्याची रोपं पिवळी पडली त्यालाच “या” म्हणण्याऐवजी तुम्ही आधी मेसेज पाठवायचा आणि मग वर “पाठवलाय” असं लिहायचं. मी असते तर असं लिहिलं असतं:

“रामराम भाऊ. २०० रोपं पिवळी पडली ही काळजीचीच गोष्ट आहे. दोन दिवस फोन उचलला गेला नाही ही आमची चूक. तुमचं बिल आणि नंबर इथे टाकू नका, कुणीही त्याचा गैरवापर करेल. मी याच पानावरून तुम्हाला मेसेज केला आहे. दिसला नाही तर Message requests मध्ये बघा. उद्या ११ वाजेपर्यंत आमचा फोन येईल, परवा माणूस शेतावर येईल. काय निघालं ते मी इथेच लिहीन.” खाली तुमचं स्वतःचं नाव, नुसतं रोपवाटिकेचं नको.

फोन न उचलल्याची चूक तुमचीच आहे, ती कबूल करा. रोपं कशाने पिवळी पडली ते अजून कुणालाच माहीत नाही, त्यावर एक शब्दही नको.

रावेरची रोपवाटिका
ताई, Message requests ची भानगड मला माहीतच नव्हती. मी काल त्याच्या कमेंटखालून मेसेज पाठवला, “नमस्कार, काय अडचण आहे?” एवढाच. त्याचं उत्तर नाही, आणि आता दुसरा जात नाही.

जळगावची तक्रारवाली ताई
तिथेच घोळ होतो. कमेंटखालून पानाला असा एकच मेसेज पाठवता येतो. समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय पुढचा जात नाही. म्हणून त्या एका मेसेजमध्ये सगळं बसवावं लागतं: तुमचं नाव, थेट तुमचा मोबाइल, त्याच्याकडून हव्या असलेल्या तीनच गोष्टी (बिलाचा फोटो, पिवळ्या रोपाचा फोटो, शेत कुठे), आणि तुम्ही कधी येणार. “काय अडचण आहे” हा प्रश्न तर मुळीच नको. त्याने अडचण आधीच गावासमोर लिहिली आहे, परत विचारलं की वाचलंच नाही असं त्याला वाटतं. आता वर कमेंटमध्ये तुमच्या दुकानाचा नंबर टाका आणि त्याला तिथे फोन करायला सांगा. तुमचा नंबर जाहीर असायला हरकत नाही, त्याचा नको.

नंदुरबारकर
माझंही असंच झालं आहे. कपाशीचं बियाणं घेतलं, निम्मं उगवलं नाही. कंपनीच्या पानावर लिहिलं, त्यांनी इनबॉक्समध्ये बोलावलं, “आपली तक्रार नोंदवली आहे” असं उत्तर आलं आणि दीड महिना झाला. मध्ये एकाने त्याच कंपनीचं नाव लावून मला फोन केला, भरपाईसाठी कोड सांगा म्हणाला. मी कमेंटमध्ये नंबर टाकला होता ना. नशिबाने पोराने फोन हिसकावला. मी तक्रार कुठे करू ते सांगा.

जळगावची तक्रारवाली ताई
दादा, इथे विषय दुकानदाराच्या बाजूचा चालला आहे, पण तुमचं थोडक्यात सांगते. पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि बिल सांभाळून ठेवा, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. बियाण्याच्या तक्रारीसाठी तालुक्याची समिती असते, ती शेतावर येऊन पंचनामा करते. पीक उभं आहे तोवरच द्या, नांगरून टाकल्यावर बघायला काही उरत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि तो कोड मागणारा फोन १९३० वर कळवा.

रावेरच्या भाऊंनी मात्र हे नीट वाचावं. वीस-पंचवीस जण तुमच्यावर तुटून पडले त्याचं कारण हेच आहे. प्रत्येकाचा एक दीड महिना कुठल्यातरी इनबॉक्समध्ये गेलेला आहे.

यावलचा केळीवाला
ताई, तुमची भाषा गोड आहे, पण मला मुळातच हे पटत नाही. मी बघणाऱ्यांपैकी आहे. त्याच रोपवाटिकेतून त्याच आठवड्यात मीही रोपं नेली असतील तर? पिवळी पडली म्हणजे हरण्या असू शकतो. हरण्या असेल तर रोगट रोपं तेव्हाच उपटून पुरावी लागतात, नाहीतर मावा तो रोग पुढच्या रोपांवर नेतो. तुम्ही दोघं आत गोडीगुलाबीने बोलत बसणार आणि माझी बाग त्या चार दिवसांत जाणार. हे सगळं उघड्यावरच बोलायला हवं. एका शेतकऱ्याची तक्रार ही सगळ्यांची असते.

धुळ्याचा दुकानदार
तुमनं म्हननं खरं शे भाऊ, पण उघड्यावर “हरण्या” शब्द निघाला की त्या रोपवाटिकेचा हंगाम संपला. रोग नसला तरी.

जळगावची तक्रारवाली ताई
यावलचे भाऊ, तुम्ही मला अडचणीत टाकलंत, कारण तुमचं म्हणणं खरंच आहे. मी मनात असं वेगळं करते: माणूस आत जातो, माल बाहेर राहतो. त्याचं बिल, नंबर, उधारी, भरपाई हे त्याचं आहे. लॉट नंबर, रोपं कोणत्या तारखांना गेली, काय लक्षण बघायचं, हे सगळ्यांचं आहे. ते वरच्या उत्तरात त्याच दिवशी यायला हवं. माझ्या मसुद्यात ते नव्हतं, ही माझी चूक.

पण रोगाचं नाव तपासल्याशिवाय नको. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, सारखी पिवळी. पाणी साचलं तरी रोप पिवळं पडतं, पण ते शेताच्या खोलगट भागात एकगठ्ठा दिसतं. हरण्यात नव्या पानावर शिरांच्या मधे तुटक पिवळे पट्टे येतात आणि अशी रोपं विखुरलेली असतात. एवढं तर लिहिता येतं: “या तारखांची रोपं असतील तर नवं पान बघा. तुटक पट्टे दिसले तर फोटो पाठवा, रोप एकदम फेकू नका, आम्ही बघायला येतो.” यात कुणाची बदनामी नाही आणि तुमची बागही वाचते.

यावलचा केळीवाला
एवढं लिहिलं तर मी मान्य करीन. पण किती रोपवाटिका असं लिहितील?

रावेरची रोपवाटिका *(चार दिवसांनी)*
मंडळी, शेतावर जाऊन आलो. त्याने दुकानाच्या नंबरवर फोन केला होता. २०० नाही, १९० निघाली. त्यातली १३० खालच्या कोपऱ्यात, तिथे पाणी साचलं होतं. उरलेली ६० विखुरलेली, नव्या पानावर पट्टे. पान तपासायला दिलंय. शेजारी काकडी आहे आणि तिच्यावर मावा भरपूर, त्यामुळे रोग आमच्या रोपातून आला की तिथला, ते मला आज सांगता येत नाही. तरी ६० रोपं बदलून देतोय. त्याला बांधावरच विचारलं, लिहू का? म्हणाला, लिहा, पण माझ्या शेतात पाणी साचलं ते लिहू नका, लोक हसतील.
आता ६० चा आकडा लिहू का?

धुळ्याचा दुकानदार
आकडा नको. उद्या ज्याच्या शेतात पाणी साचलंय तोही ६० मागेल.

यावलचा केळीवाला
आकडा हवाच. आकडा नसला की “समाधान केले” असं वाक्य उरतं, आणि त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

जळगावची तक्रारवाली ताई
माझं मत मधलं आहे आणि ते पक्कं नाही. आकडा लिहू नये, नियम लिहावा: “पट्टे दिसलेली रोपं पाहणी करून बदलून देतो.” मग मागायला येणाऱ्याला पाहणी मान्य करावी लागते. पाण्याचं त्याने नको म्हटलंय तर अजिबात लिहू नका. पण मग २०० पैकी ६०च का बदलली हा प्रश्न कुणीतरी विचारणार, आणि त्याचं खरं उत्तर तुम्हाला देता येणार नाही. म्हणून आकडा टाळते मी. यावलच्या भाऊंना ते कमी वाटेल, मला कळतं.

रावेरची रोपवाटिका
हे टाकलं आता, त्याच कमेंटखाली: “भाऊंच्या शेतावर जाऊन आलो. पट्टे दिसलेली रोपं आम्ही बदलून देत आहोत. पान तपासायला दिलं आहे, अहवाल आला की इथेच लिहीन. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रोपं नेलेल्या सगळ्यांनी नवं पान बघावं.” खाली माझं नाव आणि दुकानाचा नंबर.

यावलचा केळीवाला
मी जुलैच्या १२ तारखेला नेली आहेत. लॉट नंबर कुठे बघू? बिलावर तर दिसत नाही.

रावेरची रोपवाटिका
क्रेटला बांधलेल्या चिठ्ठीवर असतो भाऊ. चिठ्ठी फेकली असेल तर बिलाचा नंबर मेसेजमध्ये पाठवा, मी वहीतून काढून सांगतो. बिलावर लॉट छापत नाही, ते आजपासून सुरू करतो.