मदत हवी आहे: घरमालकांना भाडं हप्त्याने घ्या असं कसं लिहू?

पावसाळी_पुणेकर: दोन महिने पूर्ण भाडं जमणार नाही. मालक काका चांगले आहेत, पण फोनवर बोलायला जीभ रेटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर काय लिहू? आज रात्रीच पाठवायचंय.

जुना_कोथरूडकर: भाडं किती, पगार पुन्हा कधी, करार कधी संपतो? हे न कळता मजकूर कसा देणार?

बिनधास्त: लिहायचंच कशाला? डिपॉझिटमधून कापा म्हणावं. भाडे नियंत्रण कायदा आहे, कुणी बाहेर काढू शकत नाही.

पावसाळी_पुणेकर: भाडं 18,000, दर 5 तारखेला. नवी नोकरी 1 ऑगस्टपासून, पहिला पगार 31 ऑगस्टला. तोवर बायकोच्या शिकवण्यांतून महिन्याला 9,000 देऊ शकतो. बाकी सप्टेंबरपासून तीन हप्त्यांत.

जुना_कोथरूडकर: आणि करार?

पावसाळी_पुणेकर: अकरा महिन्यांचा, 31 ऑक्टोबरला संपतो.

जुना_कोथरूडकर: मग तिसरा हप्ता नोव्हेंबरात जातो. करार संपल्यावर उधारी ठेवायला कुठला मालक तयार होईल? थकबाकी 18,000, तीही दोनच हप्त्यांत फेडा. म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबरला 27,000. झेपेल का, आधी बघा.

बिनधास्त, ते संरक्षण भाडेकरूला असतं. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला ते मिळत नाही. मुदतीनंतर घर अडवलं तर कलम 24 खाली दुप्पट भाडं लागतं.

सातारची_मालकीण: माझाही फ्लॅट भाड्याने आहे. भाडं आलं की त्यातूनच बँकेचा हप्ता जातो, त्यामुळे 'थोडं थांबा' म्हटलं की धडकी भरते. तारीख आणि आकडा दिला तर मी बँकेचं जमवते. आणि डिपॉझिटला हात लावू नका. घर सोडताना लाइटबिल, रंग, तुटफूट यांचं काय करायचं?

बिनधास्त: मालकांची बाजू मालकच घेणार!

जुना_कोथरूडकर: हा घ्या मजकूर:

"काका, नमस्कार. माझी नोकरी सुटली आहे. नवी 1 ऑगस्टपासून आहे, पत्र सोबत पाठवतो. जुलै आणि ऑगस्टचे प्रत्येकी 9,000 रुपये 5 तारखेलाच देईन. राहिलेले 18,000 सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या भाड्याबरोबर 9,000-9,000 असे देईन. मेंटेनन्स नेहमीप्रमाणे भरेन. डिपॉझिट तसंच राहू द्या. आपल्याला चालेल का? अडचण असेल तर कृपया सांगा, मी येऊन भेटतो."

काका हो म्हणाले तर ते लेखी येऊ द्या. करारात भाडं थकल्यास नोटीस देण्याचं कलम असतं, तेव्हा नुसतं तोंडी 'बघू' कामाचं नाही. यूपीआयने देताना शेऱ्यात 'जुलै भाडे, भाग 1' असं टाका.

एचआरए_शंका: अर्धं भाडं दिलं तर पावती कितीची घ्यायची? माझी कंपनी पूर्ण भाड्याची मागते.

पावसाळी_पुणेकर: 27,000 जड जाईल, पण बघतो. नोकरीचं पत्र जोडलंच पाहिजे का? त्यात पगाराचा आकडा आहे.

सातारची_मालकीण: आकडा झाका. मला फक्त रुजू व्हायची तारीख बघायची असते.

बिनधास्त: पत्र दिलंत की पुढच्या करारात भाडं वाढलंच समजा.